फुल अँड फायनल: सही कुणाची, सुटका कुणाची?

आपल्या आयटीवाल्या मंडळींना ‘फुल अँड फायनल’ हे शब्द चांगलेच ओळखीचे. नोकरी सोडली की महिना-दीड महिन्याने एचआरची मेल येते. उरलेल्या सुट्ट्यांचे पैसे, नोटीस पिरियडची वजावट, लॅपटॉप परत केला की नाही, आणि खाली सही. त्यात गैर काही नाही. बेरीज-वजाबाकी आधीच झालेली असते, दोन्ही बाजूंना सगळे आकडे दिसत असतात आणि चार दिवसांचा पगार कमी लागला तर आपण लगेच उलट मेल टाकतो.

आता हेच तीन शब्द दुसऱ्या एका कागदावर बघा. प्रेस मशीनमध्ये चार बोटं गेलेला माणूस हॉस्पिटलमध्ये आहे, किंवा घरात दहावं व्हायचंय. सुपरवायझर आणि ठेकेदार येतात. हातात पाचशेचा स्टॅम्प पेपर असतो, दुसऱ्या हातात चेक. इथे आकडे कुणालाच माहीत नसतात. हात किती चालेल, पुन्हा मशीनवर उभं राहता येईल का, अजून ऑपरेशन लागेल का, काही ठरलेलं नाही. तरीही कागदावर ‘फायनल’ लिहिलेलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. अपघातानंतर घाईने घेतलेली ही सही म्हणजे एका हक्काची खरेदी आहे आणि ती मुद्दाम अशा वेळी केली जाते जेव्हा विकणाऱ्याला मालाची किंमत माहीत नसते. तडजोड करायचा प्रामाणिक रस्ता आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. तो सोडून जो मालक कागद घेऊन थेट घरी येतो, त्याला काहीतरी टाळायचं आहे असंच समजून चालावं. आणि हो, हे कागद टाईप करणारे कुणी परग्रहावरचे नसतात. एचआर, लीगल, प्लांट मॅनेजर, कन्सल्टंट, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच शिकलेली पगारदार मंडळी.

मुळशीचं उदाहरण

शनिवार-रविवारी आपण चांदणी चौकातून मुळशी धरणाकडे, ताम्हिणीकडे जातो. वाटेत पिरंगुट लागतं. आपल्यासाठी ते मिसळीचं आणि ट्रॅफिकचं गाव, पण त्याच्या आजूबाजूला कितीतरी लहान-मोठे कारखाने आहेत. त्यातल्याच उरवडे इथल्या एसव्हीएस अ‍ॅक्वा टेक्नॉलॉजीज या कंपनीला ७ जून २०२१ ला, सोमवारी दुपारी आग लागली. पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी क्लोरिन डायऑक्साइडची उत्पादनं तिथे तयार होत. १७ कामगार गेले. त्यात १५ बायका होत्या. ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली.

लगेच जाहीर झालं: राज्य सरकारकडून मृतांच्या वारसांना ५ लाख, पंतप्रधान मदत निधीतून २ लाख. पेपरात आकडे आले आणि शहरातल्या वाचकाच्या दृष्टीने विषय मिटला. ‘मिळाले ना सात लाख!’

इथेच पहिली गफलत आहे. सरकार देतं ती सानुग्रह मदत. ती दयेपोटी किंवा धोरण म्हणून दिली जाते, कुणाचा हक्क म्हणून नाही. मालकाने द्यायची ती नुकसानभरपाई, आणि ती कायद्याने ठरलेली देणी आहे. पहिलीमुळे दुसरी फिटत नाही. एखाद्याचं घर जळल्यावर शेजाऱ्यांनी वर्गणी काढली म्हणून विमा कंपनी सुटत नाही, तसंच हे.

त्या एका कंपनीवर निकाल देणं हा या लेखाचा विषय नाही. मला बघायचंय ते हे, की अशा ठिकाणी काम करणाऱ्या एका बाईचा हिशेब कायदा कसा करतो आणि घरी येणारा कागद तो कसा करतो.

मृत्यू झाला असेल तर

समजा वय ३०, पगार महिना १२,००० रुपये. २०२१ साली लागू असलेला कायदा म्हणजे कर्मचारी भरपाई कायदा, १९२३. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र साधं आहे: पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. पगाराची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून महिना १५,००० धरली जाते, त्यामुळे आपले १२,००० पूर्ण धरले जातील. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८.

```
12000 × 50% × 207.98 = 12,47,880
```

म्हणजे जवळपास साडेबारा लाख. मालकाची चूक होती की नव्हती, हे यात सिद्ध करावं लागत नाही. कामावर असताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढं पुरतं. महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

आता गंमत बघा. या कायद्याचं कलम ८ म्हणतं की मृत्यूची भरपाई मालकाने वारसांच्या हातात द्यायचीच नाही. ती भरपाई आयुक्तांकडे जमा करायची. पुण्यात हे काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश करत आले आहेत. कोण कोण वारस आहेत, मुलं किती लहान आहेत, कुणाला किती द्यायचं, मुलांच्या नावाने किती ठेवायचं, हे आयुक्त ठरवतात. मालकाने परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. अपवाद एकच: तीन महिन्यांच्या पगाराइतका अ‍ॅडव्हान्स. आपल्या हिशेबात ३६,००० रुपये.

म्हणजे समजा कुणी तेराव्याला येऊन पाच लाखांचा चेक दिला आणि ‘आमची आता कंपनीविरुद्ध काहीही तक्रार राहिली नाही’ यावर नवऱ्याची सही आणि सासूचा अंगठा घेतला. कायद्याच्या नजरेत मृत्यूच्या भरपाईचं खातं जवळजवळ तसंच उघडं आहे.

मग तो कागद कशासाठी असतो? तो कोर्टासाठी नसतोच. तो त्या घरासाठी असतो. ‘सही केली, आता काय करणार’ असं त्या माणसाला वाटलं की काम झालं. या कायद्यात दावा लावायची मुदत दोन वर्षांची. उशिराला योग्य कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात, पण ते पटवून द्यावं लागतं. दोन वर्षं तो माणूस गप्प बसावा, एवढीच त्या स्टॅम्प पेपरची खरी किंमत.

हात गेला असेल तर

जखमी माणसाच्या बाबतीत मामला जरा नाजूक आहे, कारण इथे करार करायला परवानगी आहे. नीट बघू.

तेच वय, तोच पगार. प्रेसखाली एका हाताची चार बोटं गेली. कायद्याला जोडलेल्या तक्त्यात याला ५० टक्के कमाईक्षमता गेली असं धरतात. सूत्रात इथे पगाराचे ६० टक्के येतात.

```
12000 × 60% × 207.98 = 14,97,456
14,97,456 × 50%      =  7,48,728
```

शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, तोही मालकाचाच.

मालक म्हणतो, ‘दोन लाख घे, दवाखान्याचं बिल आम्ही भरलंय, विषय संपव.’ माणूस सही करतो. आता काय?

कलम १७ म्हणतं, भरपाईचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल. कलम २८ म्हणतं, भरपाईची ठोक रक्कम कराराने ठरवली असेल तर मालकाने त्याचं निवेदन आयुक्तांकडे पाठवायचं. आयुक्त दोन्ही बाजूंना नोटीस काढतात आणि करार खरा आहे का ते बघतात. रक्कम अपुरी वाटली, किंवा फसवून, दबाव टाकून सही घेतली असं दिसलं, तर ते नोंदणी नाकारू शकतात. आणि कलम २९ मला सगळ्यात आवडतं. करार आयुक्तांकडे पाठवलाच नाही तर मालक पूर्ण भरपाईला जबाबदार राहतो, आणि आधी दिलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त रक्कम, आयुक्तांनी वेगळं सांगितल्याशिवाय, वजाही करता येत नाही.

आपल्या उदाहरणात दोन लाख दिले होते. वजा होणार फक्त एक लाख. उरतात ६,४८,७२८ रुपये, आणि वर व्याज. पूर्ण रक्कम थकली असेल तर ते वर्षाला साधारण ९०,००० होतं.

१९२३ चा कायदा! इंग्रज सरकारलाही ठाऊक होतं की जखमी कामगार आणि मालक एका टेबलावर बसले की तो व्यवहार बरोबरीचा नसतो. म्हणून त्यांनी मध्ये तिसरा माणूस बसवला. आज शंभर वर्षांनंतर आपण त्या तिसऱ्या माणसाला वगळून कागद करतो आणि त्याला ‘प्रॅक्टिकल सोल्युशन’ म्हणतो.

मग सही केल्याने खरंच काय जातं?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ‘कायदा एवढा बाजूचा आहे तर करू दे की सही, नंतर भांडू.’ तसं नाही. काही गोष्टी खरोखर जातात आणि त्या जाणून घेतल्या पाहिजेत.

पहिली जाते ती दिवाणी दाव्याची वाट. वरच्या सूत्रात मालकाची चूक बघत नाहीत, म्हणून रक्कम मर्यादित असते. मशीनचं गार्ड काढून ठेवलं होतं, आगीच्या वेळी दुसरं दार बंद होतं, अशी ढळढळीत हयगय असेल तर दिवाणी कोर्टात याहून मोठ्या भरपाईचा दावा लावता येतो. पण दोन्ही एकदम नाही. आयुक्तांकडे दावा लावला, किंवा या कायद्यानुसार भरपाई देण्याचा करार मालकाशी केला, की कलम ३(५) प्रमाणे तो दिवाणी दावा चालत नाही. म्हणजे कायद्याला धरून केलेला, नोंदवलेला चांगला करारसुद्धा एक दार कायमचं बंद करतो. ते बंद करायचं की नाही, हे सही करण्यापूर्वी ठरवायचं असतं.

दुसरी जाते ती अपंगत्वाची किंमत. तक्त्यातले टक्के हे शेवटचं वाक्य नसतं. १९७६ सालच्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, अपंगत्व अंशतः आहे. सर्वोच्च न्यायालयाने १०० टक्के भरपाई कायम ठेवली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. प्रश्न हात किती गेला हा नाही, काम किती गेलं हा आहे. आणि हे हॉस्पिटलच्या कॉटवर चौथ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. जखम भरून, उपचार संपून, डॉक्टरांनी तपासून प्रमाणपत्र दिल्यावरच ते कळतं. त्याआधी घेतलेली सही म्हणजे टेस्टिंग होण्याआधी क्लायंटकडून साईन-ऑफ घेण्यासारखं आहे. आपल्यापैकी कुणी असा साईन-ऑफ देईल?

तिसरी गोष्ट कागदाच्या वरच्या परिच्छेदांत लपलेली असते, आणि सगळे वाचतात फक्त खालची रक्कम. ‘मी स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जखमी झालो.’ ‘मी कंपनीचा कामगार नसून अमुक ठेकेदाराकडे रोजंदारीवर होतो.’ ‘माझा पगार महिना ६,००० होता.’ ‘मी पूर्ण बरा झालो आहे.’ करार रद्द ठरला तरी ही वाक्यं तुमच्या सहीने लिहिलेली कबुली म्हणून समोर येतात. पगार ६,००० लिहिला की वरचं सगळं गणित अर्ध्यावर येतं. ठेकेदाराचं नाव घातलं म्हणून कंपनी सुटत नाही, कारण मुख्य मालकही या कायद्यात जबाबदार असतो. पण तुम्ही तिथे कामाला होतात हेच सिद्ध करण्यात वर्ष जातं.

एक गोष्ट मात्र कागदावर कितीही ठळक लिहिली तरी जात नाही: फौजदारी खटला. हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा हा घरच्यांनी ‘तक्रार नाही’ लिहून दिल्याने मिटणारा गुन्हा नाही. तो रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यामुळे ‘केस मागे घेतो’ हे कलम वाचून घाबरू नका, आणि त्यावर विसंबूही नका.

आणि ईएसआय लागू असेल तर चित्रच वेगळं. तिथे उपचार आणि पेन्शन देणं ही महामंडळाची जबाबदारी असते, मालकावर वरचा दावा चालत नाही. मालकाने घेतलेल्या सहीने महामंडळाकडचा हक्क कमी होत नाही. कंपनी नियमात बसत असूनही तिने नाव नोंदवलं नव्हतं, एवढ्यावरून तो हक्क सोडून देऊ नका.

‘अरे, पण कोर्टात दहा वर्षं जातात!’

माझा एक मित्र कारखान्यात एचआरला आहे. त्याचं हे आवडतं वाक्य. ‘बाईला आज पाच लाख हातात मिळतात. तू तिला साडेबारा लाखांचं स्वप्न दाखवणार, वकील पैसे खाणार, ती हेलपाटे मारणार. कुणाचं भलं झालं?’

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उशीर खरा आहे, हेलपाटे खरे आहेत. पण जरा विचार करा, हा उशीर होतो कशामुळे? मालकाने महिन्याच्या आत रक्कम आयुक्तांकडे भरली, तर दावा लढायची वेळच येत नाही. वाद उरतो तो वाटणीचा, आणि ती आयुक्त करतात. म्हणजे दहा वर्षं लागतील ही भीती घालणारा आणि दहा वर्षं लावणारा, एकच पक्ष. शिवाय मी तडजोड करू नका असं म्हणतच नाही. खुशाल करा. पण उपचार संपल्यावर, अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात आल्यावर, आणि आयुक्तांसमोर. व्यवहार स्वच्छ असेल तर मालकाचाही यात फायदाच आहे, कारण नोंदवलेला करारच त्याला खरं संरक्षण देतो.

दुसरं उत्तर असं की ‘नंतर बघू’ फार क्वचित जमतं. विम्याच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली युनायटेड इंडिया विरुद्ध अजमेर सिंग कॉटन या खटल्यात सांगितलं की डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली म्हणून माणूस बांधला जात नाही. पण फसवणूक, दबाव किंवा दिशाभूल झाली हे त्याने दाखवलं पाहिजे. आता हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कोण काय बोललं याचा पुरावा कुठून आणणार? सगळा भार सही करणाऱ्यावर.

आणि मोठ्यात मोठ्या तडजोडीचं काय होतं ते भोपाळने दाखवलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये भारत सरकारने सगळ्या पीडितांच्या वतीने युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरवर सेटलमेंट केली. किती लोक मेले, किती आयुष्यभर आजारी राहणार, हे तेव्हा पुरतं मोजून झालं नव्हतं. पुढे सरकारनेच म्हटलं की रक्कम कमी होती, आणि जास्तीचे पैसे मागायला क्युरेटिव्ह याचिका केली. १४ मार्च २०२३ ला घटनापीठाने ती फेटाळली. फसवणुकीचा मुद्दा असता तरच सेटलमेंट उघडता आली असती, आणि तो सरकारने मांडलाच नव्हता. ज्या सरकारकडे सॉलिसिटर जनरल आहे त्याला ‘आकडा नंतर कळला’ म्हणून सेटलमेंट उघडता आली नाही. पिरंगुटच्या शेडमधल्या बाईने काय करावं अशी अपेक्षा आहे?

हे फक्त कारखान्यातल्यांचं नाही

‘आपला काय संबंध’ म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. ताम्हिणीच्या रस्त्यावर ट्रकने उडवलं. वय ३०, कायम नोकरी, पगार ६०,०००, घरी बायको, एक मूल आणि आई. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे न बघता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. विमा कंपनी हे लवकर देऊ करते. पण कलम १६६ मधली एक अट वाचा: कलम १४९ मधल्या पद्धतीने हे पैसे स्वीकारले की न्यायाधिकरणातला तुमचा मुख्य दावा संपुष्टात येतो.

तो मुख्य दावा केवढ्याचा होता? ट्रकचालकाची चूक सिद्ध झाली, तर सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांच्या पद्धतीने वर्षाचे ७,२०,०००, त्यात पुढच्या पगारवाढीचे ५० टक्के, एक तृतीयांश स्वतःचा खर्च वजा, आणि वयाचा गुणक १७.

```
7,20,000 × 1.5 × 2/3 × 17 = 1,22,40,000
```

आयकर वजा होईल, तरी एक कोटीच्या आसपासचा दावा पाच लाखांच्या सहीत गेला. इथे तर सही बेकायदाही नाही. कायद्यानेच ठेवलेला पर्याय आहे, न वाचता निवडलेला. पाहा बुवा.

कागद समोर आलाच तर

त्या दिवशी सही करू नका. ‘आजच केली तर चेक, नाहीतर नाही’ असं म्हणणाऱ्याच्या कागदावर तर नाहीच. कागदाचा फोटो घ्या आणि रकमेच्या आधी वरचे परिच्छेद वाचा: पगार, तारीख, मालकाचं नाव, चूक कुणाची. पैशांची खरंच निकड असेल, आणि ती असतेच, तर पैसे घ्या, पण पावतीवर ‘फुल अँड फायनल’ खोडून ‘भरपाईपोटी आगाऊ रक्कम, बाकी हक्क राखून’ असं लिहा. मग एकच प्रश्न विचारा: ‘साहेब, हे आयुक्तांकडे कधी नोंदवताय?’ या प्रश्नाला जो चेहरा होतो, त्यावरून कागद कसला आहे ते कळतं.

एक तांत्रिक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. भरपाईचे करार नोंदवायची तरतूद तिच्यातही आहे, पण कलमांचे क्रमांक बदललेत. म्हणून आधी अपघाताची तारीख बघा आणि मग वकिलाला विचारा की कुठला कायदा लागू.

आणि आता आपल्या मंडळींसाठी. उद्या तुमच्या कंपनीच्या साईटवर, कॅन्टीनमध्ये किंवा सोसायटीच्या लिफ्टच्या खड्ड्यात कुणी पडलं, तर तो कागद टाईप करायला तुम्हालाच सांगतील. ‘एक स्टँडर्ड फॉरमॅट आहे, नाव-रक्कम बदलून दे.’ तेव्हा त्या फॉरमॅटमध्ये आयुक्तांकडे पाठवायचं निवेदन जोडलेलं आहे का ते बघा. नसेल तर विचारा, का नाही. लेखी मेलवर विचारा. बहुतेक वेळा एवढ्यानेही रक्कम बदलते, कारण दोन लाखांत साडेसात लाखांचा हक्क विकत घेतल्याचा लेखी पुरावा आपल्या इनबॉक्समध्ये असलेला कुणालाच आवडत नाही.